पूर्वतयारी भाषा अभ्यासक्रम, परदेशातील (ब्रिटन)

पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण सुरू होण्याआधी त्याच देशात घेतलेला अल्पमुदतीचा भाषा अभ्यासक्रम. ब्रिटनमध्ये तो ‘प्री-सेशनल’ या नावाने ओळखला जातो आणि बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुख्य वर्ग भरण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत चालतो. निबंध, संदर्भ देण्याची पद्धत, व्याख्यानाच्या नोंदी व चर्चासत्र यांवर त्याचा भर असतो. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर परिसरातून ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

या अभ्यासक्रमांचा आरंभ नेमका कधी झाला याविषयी एकवाक्यता नाही. विद्यापीठांतील इंग्रजीच्या अध्यापकांनी 1972 मध्ये ‘सेलमाउस’ हा गट स्थापन केला (पुढे ‘बालीप’ या नावाने परिचित) आणि सोयीसाठी तेच वर्ष आरंभाचे धरले जाते. परंतु गट स्थापण्याइतके अध्यापक त्या वेळी या कामात होते, म्हणजे वर्ग त्यापूर्वीच चालू असले पाहिजेत. त्यामुळे 1960 च्या दशकात आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘विद्याविषयक प्रयोजनांसाठी इंग्रजी’ या अर्थाची संज्ञा 1970 च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली.

व्हिसाच्या दृष्टीने एकाच प्रकारच्या वर्गाला तीन वेगळ्या वाटा आहेत. सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर तो पर्यटक व्हिसावर करता येतो. सहा ते अकरा महिन्यांच्या केवळ इंग्रजीच्या अभ्यासक्रमासाठी ‘शॉर्ट-टर्म स्टडी’ हा व्हिसा आहे. तो 16 वर्षे व त्यावरील वयाच्या अर्जदारालाच मिळतो. या दोन्हींवर नोकरी करता येत नाही आणि देशात राहून त्यांचे विद्यार्थी व्हिसात रूपांतर होत नाही. पदवीकडे जायचे तर मायदेशी परतून नवा अर्ज करावा लागतो. तिसरी वाट विद्यार्थी व्हिसाची. तीत विद्यापीठ ‘कॅस’ हे प्रवेशाचे पुष्टिपत्र देते आणि पुढचा अर्ज तिथूनच करता येतो.

एका नमुन्यावरून फरक स्पष्ट होईल. शिवाजी विद्यापीठाच्या एका अभियांत्रिकी पदवीधराला सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या एम.एस्सी.साठी सशर्त प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाची अट आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील प्रत्येक घटकात 6.0 ची आहे. त्याचे लेखनाचे गुण 5.0 आहेत. म्हणून जुलैपासून दहा आठवड्यांची पूर्वतयारी सुचवली जाते. दहा आठवडे सहा महिन्यांच्या आत बसतात, तेव्हा पर्यटक व्हिसा पुरेल, असा सल्ला गावाकडे सहज मिळतो. वर्ग त्यावर पूर्ण होईलही. पण निकाल सप्टेंबरच्या मध्यास लागणार. मग कोल्हापूरला परत, पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि साधारण तीन आठवड्यांची प्रतीक्षा. तोवर एम.एस्सी.चे वर्ग सुरू झालेले असतात.

विद्यार्थी व्हिसावर हे टळते, पण त्याच्या अटी आधी पाहाव्या लागतात. पूर्वतयारीसाठी युरोपीय भाषा-मापनातील किमान बी-1 ही मध्यम पातळी लागते आणि ती सुरक्षित मानल्या गेलेल्या परीक्षेनेच सिद्ध करावी लागते. आयईएलटीएसची ‘यूकेव्हीआय’ या ब्रिटनच्या व्हिसा विभागासाठीची आवृत्ती चालते, साधी आवृत्ती चालत नाही. परीक्षेचे नाव नोंदणी करतानाच पाहिले नाही, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते आणि जुलै हातचा जातो.

कॅसवरची शेवटची तारीख बारकाईने वाचावी. ती पुढील वर्षाची असेल तर दोन्ही अभ्यासक्रम एकाच कॅसमध्ये आले आहेत. असा संयुक्त कॅस मिळण्यास प्रवेश विनाअट असावा लागतो, पूर्वतयारी तीन महिन्यांपेक्षा लांब नसावी लागते आणि मुख्य अभ्यासक्रम ती संपल्यापासून महिन्याभरात सुरू व्हावा लागतो. वरील विद्यार्थ्याचा प्रवेश सशर्त असल्याने त्याच्या कॅसवर सप्टेंबरची तारीख येईल. व्हिसा अभ्यासक्रमानंतर एक महिना पुरतो. त्या मुदतीत नवा कॅस मिळवून दुसरा अर्ज करावा लागतो आणि एम.एस्सी. चालू व्हिसा संपल्यापासून 28 दिवसांत सुरू झाली पाहिजे. दुसऱ्या अर्जाचे शुल्क वेगळे भरावे लागते. घरचा हिशेब मांडताना हे दुसरे शुल्क बहुधा धरलेले नसते.

पैशांचा पुरावा हाही या भागात अडणारा विषय आहे. आवश्यक रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते आणि ज्या संस्थेत ती ठेवली आहे ती अधिकृत नियंत्रणाखालील असावी लागते. उसाच्या बिलाची ठेव पतसंस्थेत असेल तर ती स्वीकारली जाईल असे गृहीत धरू नये, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाहीत. अशी रक्कम बँकेत वळवून 28 दिवस मोजायला तेव्हापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी मान्य केंद्रातील क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही लागते. वरील विद्यार्थ्याला दहा आठवड्यांच्या पहिल्या व्हिसासाठी ते लागत नाही.