घोडा, दगड आणि अर्धाच लक्षात राहिलेला नियम

घोडा गाडी ओढतो तेवढ्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते. मग दोन्ही बलं एकमेकांना खोडून काढतात, बेरीज शून्य होते आणि गाडी हलायलाच नको. यांत्रिकी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कोडं कधी ना कधी कुणीतरी घातलेलं असतं. मजा अशी की यातला घोडा खुद्द न्यूटनचाच आहे. १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचा तिसरा नियम मांडल्यावर त्याने लगेच तीन उदाहरणं दिली: बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो; घोडा दोरीने बांधलेला दगड ओढत असेल तर घोडाही तितकाच दगडाकडे ओढला जातो; आणि एक वस्तू दुसरीवर आदळली तर दोघींच्या संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगात, सारखाच पण उलट बदल होतो.

तिथल्या मूळ लॅटिन विधानाचे दोन भाग आहेत. क्रियेला नेहमी समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा पहिला. दुसरा भाग त्याचाच खुलासा करतो: दोन वस्तूंच्या एकमेकींवरच्या क्रिया नेहमी समान आणि विरुद्ध दिशांना असतात. पुढे घोकंपट्टीत पहिला भाग टिकला आणि ‘दोन वस्तूंच्या एकमेकींवर’ हे शब्द बहुतेकदा गळाले. घोड्याचं कोडं उभं आहे ते या गळालेल्या शब्दांवरच.

हे शब्द तिथे का होते ते टकरींच्या इतिहासातून कळतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये टकरींचे नियम दिले होते आणि त्यातले बरेचसे चुकीचे होते. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. वॉलिस, रेन आणि हॉयगन्स या तीन शास्त्रज्ञांनी उत्तरं पाठवली. न्यूटनने त्यांचं श्रेय मान्य केलं आणि स्वतः दहा फूट लांबीच्या दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आदळवून पाहिले. हवेच्या विरोधाने गती किती कमी होते तेही त्याने हिशेबात धरलं. कडक गोळ्यांवर न थांबता त्याने दाबून बांधलेली लोकर, पोलाद, बूच आणि काच हेही वापरले. प्रत्येक वेळी एका गोळ्याने जितका संवेग गमावला तितकाच दुसऱ्याने कमावला. हा जमाखर्च मांडायचा तर दोन खाती लागतात. दोन्ही नोंदी एकाच खात्यात टाकल्या तर टक्कर झाली असं म्हणायलाच जागा राहत नाही.

दूरवरून होणाऱ्या आकर्षणालाही हाच नियम लागू पडतो का, याचा त्याने केलेला प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो. त्याने लोहचुंबक आणि लोखंड वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून ती भांडी स्थिर पाण्यावर तरंगत ठेवली. ती एकमेकांकडे आली, टेकली आणि तिथेच थांबली. चुंबकाची ओढ लोखंडाच्या ओढीपेक्षा जास्त असती, तर ही चिकटलेली जोडी कुणीही न ढकलता पाण्यावरून आपोआप पळत सुटली असती. इथे बलं खरोखरच एकमेकांना खोडून काढतात, कारण आता आपण दोन्ही भांडी मिळून एकच वस्तू धरली आहे आणि जोडीतली दोन्ही बलं तिच्या आतली आहेत. बेरीज कधी करायची आणि कधी नाही, याचं उत्तर या पाण्यावरच्या प्रयोगात आहे.

आता घोडागाडीकडे आकडे घेऊन बघू. घोडा ४०० किलोचा, गाडी ६०० किलोची. घोडा खुरांनी जमीन मागे रेटतो, त्यामुळे जमीन त्याला १३०० न्यूटन बलाने पुढे ढकलते. गाडीला ३०० न्यूटनचं घर्षण मागे खेचतं. घोडा आणि गाडी मिळून एक वस्तू धरली तर निव्वळ बल १००० न्यूटन, वस्तुमान १००० किलो, म्हणून त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता एकटी गाडी घ्या. ६०० किलोला एवढं त्वरण द्यायला निव्वळ ६०० न्यूटन हवेत आणि घर्षणाचे ३०० भरून काढायचे आहेत. म्हणजे घोडा तिला ९०० न्यूटनने ओढतो. शेवटी एकटा घोडा: पुढे १३००, गाडीची मागे ओढ ९००, उरले ४००, ४०० किलोसाठी पुन्हा तेच त्वरण. ९००ची ती कुप्रसिद्ध जोडी हिशेबात दोनदा आली, पण दोन वेगळ्या ओळींत. ज्याने ती एका ओळीत ९०० वजा ९०० अशी मांडली, त्याचं उत्तर शून्य आलं. गाडीने घोड्याला दिलेली ओढ त्याने गाडीच्याच माथी मारली होती.

घोड्याच्या बाबतीत ही चूक निदान डोळ्यांना दिसते, कारण गाडी चालताना दिसते. टेबलावरच्या पुस्तकात ती लपून बसते. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा आधार वर, दोन्ही समान आणि विरुद्ध. सहज म्हटलं जातं की ही क्रिया आणि ही प्रतिक्रिया. त्यात अभियांत्रिकीच्या पुस्तकांत टेबलाच्या या बलाला ‘प्रतिक्रिया’च म्हणायची जुनी पद्धत, आकृतीतही ‘आर’ हे अक्षर. पण ही दोन्ही बलं पुस्तकावरच लागतात, म्हणून ती तिसऱ्या नियमाची जोडी असूच शकत नाहीत. पुस्तक स्थिर आहे म्हणून ती समान आहेत. म्हणजे काम निव्वळ बल आणि त्वरण यांची सांगड घालणाऱ्या दुसऱ्या नियमाचं, श्रेय तिसऱ्याला. उत्तर बरोबर येत असल्यामुळे तपासणाऱ्यालाही शंका येत नाही.

विद्यार्थ्यांच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं याचा पद्धतशीर शोध बराच उशिरा सुरू झाला. अमेरिकेतले शिक्षक जिम मिन्स्ट्रेल यांनी १९८२ मध्ये टेबलावरच्या पुस्तकावरच लेख लिहिला. टेबल पुस्तकाला वर ढकलतं हेच अनेक मुलांना पटत नव्हतं. टेबल फक्त आड येतं, असं त्यांना वाटे. १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या संकल्पनांवर बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तीत तिसऱ्या नियमावरचे खास प्रश्न आहेत, उदाहरणार्थ ट्रक आणि मोटारीची टक्कर.

टेबलाच्या जागी लिफ्ट आली की लपलेली चूक उघडी पडते. ५० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वर जाताना त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याचं वजन ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९० न्यूटन. ‘काट्याचं बल ही वजनाची प्रतिक्रिया’ असं धरणारा ४९० लिहून मोकळा होतो. पण मग माणसावरचं निव्वळ बल शून्य आणि तो लिफ्टबरोबर वर त्वरणित व्हायलाच नको. खरं तर काट्याला वजन पेलून वर ५० गुणिले २, म्हणजे १०० न्यूटन जास्त द्यावे लागतात: एकूण ५९०. या ५९०ची खरी जोडी म्हणजे माणसाने काट्याला खाली दिलेले ५९० न्यूटन, आणि काटा दाखवतो ते हेच. वजनाची जोडी लिफ्टमध्ये शोधून सापडणार नाही. पृथ्वी माणसाला ४९० न्यूटनने ओढते, तर माणूस पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढतो.

शंका आली तर एक कसोटी पुरते: जोडीतलं एक बल नाहीसं झालं की दुसरं त्याच क्षणी जायला हवं. लिफ्ट मोकळी खाली पडू लागली तर काट्याचं बल शून्य होतं, आणि पृथ्वीची ओढ मात्र ४९० न्यूटनच राहते.