रांगोळी स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी: कोण पात्र, कोणता रंग चालेल, गुण कसे पडतील

दिवाळीच्या तोंडावर जळगावात आमच्या रंगाच्या दुकानातर्फे रांगोळी स्पर्धा ठेवली आहे. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी, दुकानामागच्या मंगल कार्यालयात. फॉर्म घटस्थापनेपासून काउंटरवर मिळतील आणि कोजागरीच्या संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत भरून द्यायचे. दुकानातून काही विकत घेतलंच पाहिजे, अशी अट नाही.

गट तीन आहेत: पाचवी ते दहावीचा शालेय गट, खुला पारंपरिक गट (ठिपके, चौक, गोपद्मं, वेलबुट्टी) आणि खुला चित्र-रांगोळी गट (व्यक्तिचित्र, प्रसंग, देखावा). खुले गट मुद्दाम वेगळे केले. दोन्ही एकत्र ठेवले की बक्षीस हटकून व्यक्तिचित्राला जातं आणि एकवीस ठिपक्यांची रांगोळी हात न थरथरता काढणाऱ्या मावशी प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. तीन तासांत डोळ्यांतलं तेज उतरवणं अवघड आहेच. पण एकसारख्या जाडीची रेघ चिमटीतून सोडत राहणं ही वेगळीच कसोटी आहे, आणि दोन्हींना एक फूटपट्टी लावता येत नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कोणालाही भाग घेता येईल. पुरुषांनाही, दर वेळी कोणीतरी विचारतं म्हणून सांगून ठेवतो. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा हा भाग कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात असला तरी तिकडेही अहिराणी बोलतात, म्हणून तिकडच्यांचेही फॉर्म घेऊ. दुकानातले कामगार, आमच्याकडून काम घेणारे पेंटर आणि या सगळ्यांच्या घरची मंडळी मात्र स्पर्धेत नाहीत. माझी सूनबाई सुंदर रांगोळी काढते, तिलाही प्रेक्षकांतच बसावं लागेल.

कागद फारसे लागत नाहीत. राहण्याचा पुरावा म्हणून आधार, मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्ड यांपैकी एक फक्त दाखवायचं. झेरॉक्स आम्ही ठेवून घेणार नाही. विद्यार्थ्यांनी शाळेचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड आणायचं आणि फॉर्मवर पालकांची सही घ्यायची. अडतं ते नावापाशी. लग्न झालेल्या कितीतरी ताईंचं आधार सासरच्या नावाचं असतं आणि बँकेचं खातं अजून माहेरच्या नावाचं. फॉर्मवर कोणतंही नाव लिहा, पण बक्षिसाची रक्कम खात्यात जमा होणार आहे, तेव्हा ‘खात्यावरील नाव’ या रकान्यात पासबुकाच्या पहिल्या पानावर जसं छापलंय तसंच लिहा, अक्षरही न बदलता. पासबुकाची झेरॉक्स फॉर्मसोबत नको, नंबर आला तरच मागू. विद्यार्थ्याचं खातं नसेल तर आई-वडिलांचं चालेल.

शालेय गटाला फी नाही. खुल्या गटांकडून १०० रुपये घेऊ आणि स्पर्धेच्या सकाळी हजेरी लागली की तिथेच परत देऊ. ही फी नव्हे, अनामत आहे. फुकट फॉर्म भरून न येणाऱ्यांमुळे जागा रिकाम्या राहतात आणि ज्यांना खरंच यायचं होतं ते बाहेर राहतात. जागा प्रत्येक गटात २० आहेत. फॉर्म जास्त आले तर कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दुकानातच सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढू. ज्यांची चिठ्ठी निघणार नाही, त्यांचे १०० रुपये त्याच दिवशी परत.

रांगोळी फरशीवर काढायची नाही. कार्यालयातली फरशी गुळगुळीत आहे, तिच्यावर पूड सरकते आणि बारीक रेघ फुटते. म्हणून आठ बाय चार फुटी प्लायचे दोन-दोन तुकडे करून प्रत्येकाला चार बाय चारचा एक पाट देतोय. त्यावर प्रायमर आणि वरून मॅट इमल्शन मारून ते चांगले वाळवून ठेवू. ऑइल पेंटची चकाकी मुद्दाम टाळली, कारण त्यावरही पूड फरशीसारखीच घसरते. मॅटला किंचित खरखर असते, त्यात कण धरून राहतो. पाट गेरूच्या रंगात हवा की काळा, ते फॉर्मवर लिहायचं. ठिपक्यांना गेरू शोभतो, व्यक्तिचित्रवाले बहुतेक काळा मागतात.

आता मुख्य गोष्ट. स्पर्धा रंगाच्या दुकानाची असली तरी रांगोळीत दुकानातला रंग चालणार नाही. ऐकून नवल वाटेल, पण कारणं आहेत. ड्राय डिस्टेंपरच्या पुडीत चिकटवणारं द्रव्य असतं. हाताच्या घामाने किंवा दवाने ती ओलसर झाली की गुठळ्या होतात आणि सुकली की पाटाला धरते. लाल ऑक्साइड इतका बारीक असतो की फुंकर मारली तरी शेजारच्या पांढऱ्यात जाऊन बसतो. मग ते पांढरं पुन्हा पांढरं होत नाही. स्टेनर तर पातळच, रांगोळीत थेंब पडला की गोळा. आणि सुटा क्रोम पिवळा हातात घेऊसुद्धा नका. रसायनाच्या भाषेत तो लेड क्रोमेट, म्हणजे त्यात शिसं असतं. डब्यातल्या घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम २०१७ पासून लागू आहे. पण बाजारातल्या सुट्या पुडीत काय आहे हे पुडी बघून कळत नाही. दोन-तीन तास ती बोटांच्या चिमटीत असणार, नाकाजवळ उडणार, आणि शालेय गटातली मुलं त्याच हातांनी वडापाव खाणार.

चालेल ते असं: शिरगोळ्याची पांढरी पूड, बाजारात मिळणारी तयार रंगीत रांगोळी, हळद, कुंकू, गुलाल, तांदळाचं पीठ. चित्र-रांगोळीत त्वचेच्या छटा करायला लेक कलर वापरतात, तो चालेल, पण पांढऱ्या पुडीत घरूनच मिसळून, वस्त्रगाळ करून आणायचा. सभागृहात कोरडा रंग मिसळू देणार नाही. मीठ रंगवून आणू नका. त्याला हवेतला ओलावा लागतो, पहाटेपर्यंत ठीक दिसतं आणि नंतर कडा पाझरायला लागतात.

पांढरी रांगोळी प्रत्येकाला आम्ही तीन किलो देऊ. सोळा चौरस फूट पाट एका मिलिमीटरच्या थराने पूर्ण भरला तर साधारण दोन ते सव्वादोन किलो पूड जाते, तेव्हा तीन किलो पुरते. रंग ज्याचे त्याने आणायचे.

साधनांचंही स्पष्ट करतो. खडू, दोरी, फूटपट्टी, चाळणी, ब्रश चालेल. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागदही चालेल, आपल्या आज्यांनी तो वापरला आहे. चौकटी आखून चित्र मोठं करणंही मान्य. छापे, जाळ्या, रोलर, कापलेली स्टेन्सिल आणि मोबाइलवरून प्रकाश पाडून गिरवणं नाही. संदर्भाचा फोटो जवळ ठेवायला हरकत नाही.

विषय एकच: खान्देशातला सण. आखाजीचे झोके आणि गौराई, श्रावणातली कानबाई, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणारी भुलाबाई, काहीही घ्या. पारंपरिक गटात सण अक्षरशः दिसायलाच हवा असं नाही. चौक, चिन्हं, रंग यांतून कळला तरी पुरे.

परीक्षक तीन आहेत: चित्रकलेचे एक शिक्षक, रांगोळी शिकवणाऱ्या एक ताई आणि तिसरे जळगाव जिल्ह्याबाहेरचे. दुकानातलं कोणी नाही. गुण १०० पैकी: रेखाटन ३०, रंगसंगती २५, भराव आणि सफाई २५, विषयाची मांडणी २०. परीक्षकांना फक्त पाटाचा क्रमांक माहीत असतो, आणि तो सकाळी चिठ्ठीने ठरतो. तिघांची सरासरी हा अंतिम आकडा. दोन परीक्षकांत १५ पेक्षा जास्त गुणांचं अंतर पडलं तर तिघांनी मिळून ती रांगोळी पुन्हा बघायची.

हे कसं चालेल ते एका उदाहरणाने सांगतो. समजा पाट क्रमांक २७ वर कानबाईचा चौक आहे: मधे नारळ, भोवती रोट आणि पानफुलं. पहिल्या दोघांनी ७८ आणि ८१ दिले, तिसऱ्यांनी ५७. म्हणजे रेखाटनाला २३, रंगाला १७, विषयाला ११ आणि सफाईला फक्त ६. सरासरी ७२ निघते, पण अंतर २४ चं आहे, म्हणून फेरतपासणी. तिसरे परीक्षक शेवटी पोचले तेव्हा एक कोपरा पुसलेला होता. प्रश्न एवढाच: पुसला कोणी? त्यासाठी वेळ संपल्याची घंटा झाली की प्रत्येक पाटाचा वरून फोटो काढला जाईल. फोटोत कोपरा शाबूत असेल तर तो नंतर कोणाच्या तरी पायाने गेला, त्याचे गुण कापायचे नाहीत. परीक्षकांनी सफाई २० केली की त्यांचे ७१ होतात आणि सरासरी ७६.६७. पण फोटोतच कोपरा पुसलेला असेल, म्हणजे काढणाऱ्याच्याच पदराने किंवा ओढणीने गेला असेल, तर ६ कायम. घंटेच्या आधीचं सगळं तुमच्या पदरात, शब्दशः. तेव्हा पदर खोचून बसा आणि बांगड्या घरी ठेवा.

सारखे गुण पडले तर पारंपरिक गटात रेखाटनाचे आणि बाकी दोन गटांत रंगसंगतीचे गुण ज्याचे जास्त तो पुढे.

रविवारी सकाळी ८ ला दार उघडेल, ८:४५ नंतर आत घेणार नाही. पारंपरिक आणि शालेय गटाला ९ ते ११, चित्र-रांगोळीला ९ ते १२. पंखे पूर्ण वेळ बंद राहतील. ऑक्टोबरची उष्णता आहे, पाण्याची बाटली आणा, पण ती पाटापासून दूर ठेवा. मदतनीस कोणालाही नाही, रंग चाळून देण्यापुरताही नाही.

खुल्या दोन्ही गटांत ५,०००, ३,००० आणि २,००० रुपये. शालेय गटात २,०००, १,५०० आणि १,०००. खुल्या गटांतल्या पहिल्या क्रमांकाला यावर दहा बाय बाराच्या एका खोलीच्या भिंतींना दोन हात पुरेल एवढं इमल्शन, साधारण चार लिटर, रंग ज्याचा त्याने निवडायचा. पेंटरची मजुरी त्यात धरलेली नाही. शालेय गटात रंगाच्या डब्याऐवजी चित्रकलेचं साहित्य आहे.

निकालाचा तक्ता दुपारी ३ वाजता कार्यालयाच्या दारावर चिकटवू, त्यात प्रत्येकाचे चारही रकाने दिसतील. हरकत असेल तर अर्ध्या तासात, पाटाचा क्रमांक आणि कोणत्या रकान्यावर हरकत आहे ते कागदावर लिहून द्या. ‘आमचीच चांगली होती’ एवढ्यावर फेरतपासणी होणार नाही. साडेतीननंतर पाट झाडून रिकामे करू. घरी न्यायचा फोटो त्याआधी काढून घ्या.