हीप सॉर्ट : जागच्या जागी क्रमवारी आणि तिची अस्थिरता

हीप सॉर्ट ही ॲरेमधल्या नोंदी चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावण्याची पद्धत आहे. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ती १९६४ मध्ये मांडली, आणि त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी हीप उभारण्याची जलद रीत दिली. आज ही पद्धत फ्लॉइड यांच्या त्या रीतीसकटच शिकवली जाते. तिला दुसरा ॲरे लागत नाही, रिकर्शनही लागत नाही. नोंदी आहेत त्याच जागेत फिरतात, आणि अदलाबदलीसाठी एका नोंदीपुरती रिकामी जागा व दोन-तीन पूर्णांक एवढ्यावर काम भागते. नोंदी कशाही क्रमाने आल्या तरी वेळ n log n च्या प्रमाणातच राहतो. मात्र ही पद्धत स्थिर नाही. ज्यांची किंमत सारखी आहे अशा नोंदींचा आपसातला मूळ क्रम ती राखेलच असे नाही.

आधी ॲरेकडे झाड म्हणून कसे पाहायचे ते समजून घेऊ. शून्यापासून मोजलेल्या ॲरेत `i` या जागेवरच्या नोंदीची अपत्ये `2*i+1` आणि `2*i+2` या जागांवर असतात असे धरायचे. झाडासाठी वेगळे पॉइंटर नसतात, जागेचा क्रमांक हेच नाते. प्रत्येक पालक आपल्या अपत्यांहून मोठा किंवा त्यांच्याइतका असेल, तर तो ॲरे म्हणजे मॅक्स-हीप. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हीपचा नियम फक्त पालक आणि अपत्य यांच्यातला आहे. दोन भावंडांत कोण मोठे, किंवा एका फांदीवरची नोंद दुसऱ्या फांदीवरच्या नोंदीपेक्षा लहान की मोठी, याबद्दल हीप काहीही सांगत नाही.

सगळे काम एकाच क्रियेवर चालते. चुकीच्या जागी बसलेली नोंद तिच्या मोठ्या अपत्याशी बदलत बदलत खाली सरकवायची, आणि तिच्याहून मोठे अपत्य उरले नाही की थांबायचे.

```c
void sift_down(Rec a[], int i, int n) {
    while (2*i + 1 < n) {
        int c = 2*i + 1;
        if (c + 1 < n && a[c+1].amt > a[c].amt) c++;
        if (a[c].amt <= a[i].amt) return;
        swap(&a[i], &a[c]);
        i = c;
    }
}

void heap_sort(Rec a[], int n) {
    for (int i = n/2 - 1; i >= 0; i--)
        sift_down(a, i, n);
    for (int m = n - 1; m > 0; m--) {
        swap(&a[0], &a[m]);
        sift_down(a, 0, m);
    }
}
```

पहिला `for` हीप उभारतो, दुसरा ती रिकामी करत जातो. मुळाशी, म्हणजे शून्याच्या जागेवर, सर्वांत मोठी नोंद असते. तिला ॲरेच्या शेवटच्या जागी टाकायचे, तिथली नोंद मुळाशी आणायची, हीप एका जागेने आखूड करायची आणि मुळाशी आलेल्या नोंदीला खाली सरकवायचे. डावीकडे हीप आटत जाते, उजवीकडे क्रमवार शेपूट वाढत जाते, आणि दोन्ही त्याच ॲरेत मावतात.

आता एक उदाहरण हाताने सोडवून पाहू. दुकानातल्या सहा पावत्या पावती क्रमांकाने लावलेल्या आहेत, आणि त्या रकमेप्रमाणे चढत्या क्रमाने हव्या आहेत. खाली आधी पावती क्रमांक आणि मग रक्कम दिली आहे.

```
१:३००  २:५००  ३:३००  ४:२००  ५:५००  ६:४००
```

रक्कम सारखी असेल तिथे पावत्यांचा जुना क्रम टिकावा अशी अपेक्षा असेल, तर उत्तर ४, १, ३, ६, २, ५ असे यायला हवे. हीप उभारताना आधी तिसऱ्या जागेवरच्या पावती ३ ची तिच्या एकुलत्या अपत्याशी, म्हणजे पावती ६ शी, अदलाबदल होते. दुसऱ्या जागेवर काहीच हलत नाही, कारण पावती २ आणि पावती ५ दोन्ही ५०० च्या आहेत. मग मुळावरची पावती १ दोन पायऱ्या खाली उतरते, आणि हीप अशी होते :

```
२:५००  ५:५००  ६:४००  ४:२००  १:३००  ३:३००
```

इथपर्यंत २ ही ५ च्या आधी आहे आणि १ ही ३ च्या आधी. आता रिकामे करण्याची पहिली पायरी. मुळाशी पावती २ आहे, म्हणून ती ॲरेच्या अगदी शेवटी जाते. त्याच क्षणी ५०० च्या जोडीचा क्रम फिरला, कारण शेपटीत गेलेली नोंद परत हलत नाही आणि पावती ५ ला आता तिच्या डावीकडेच जागा मिळणार. पुढच्या पायऱ्या अशा जातात, उभ्या रेघेच्या उजवीकडे तयार शेपूट आहे :

```
५:५००  ३:३००  ६:४००  ४:२००  १:३०० | २:५००
६:४००  ३:३००  १:३००  ४:२०० | ५:५००  २:५००
३:३००  ४:२००  १:३०० | ६:४००  ५:५००  २:५००
१:३००  ४:२०० | ३:३००  ६:४००  ५:५००  २:५००
४:२०० | १:३००  ३:३००  ६:४००  ५:५००  २:५००
```

रकमा बरोबर लागल्या. पण ५०० च्या दोन पावत्या उलट्या झाल्या आणि ३०० च्या दोन मात्र मूळ क्रमात राहिल्या. ३०० च्या जोडीकडे जरा नीट पाहा. पहिल्याच पायरीनंतर पावती ३ ही पावती १ च्या पुढे गेली होती आणि दोन पायऱ्या तशीच पुढे राहिली. नंतर मुळाशी आधी पावती ३ पोचली, म्हणून शेपटीत आधी तीच गेली आणि योगायोगाने जुना क्रम परत आला. म्हणून ‘हीप सॉर्ट सारख्या नोंदी उलटवते’ असे म्हणणेही चूकच आहे. ती त्यांच्या क्रमाची दखलच घेत नाही. शेजारी काय बसले आहे त्यावर तो क्रम टिकतो किंवा मोडतो, आणि एखाद्या छोट्या चाचणीत टिकला म्हणून पुढेही टिकेल असे धरता येत नाही.

अस्थिरता दाखवायला सहा नोंदीही लागत नाहीत, दोन पुरतात. सारख्या किमतीच्या अ आणि ब घ्या. हीप आधीच तयार आहे, म्हणून पहिल्या टप्प्यात काही होत नाही. दुसऱ्या टप्प्यात मुळाची आणि शेवटच्या नोंदीची अदलाबदल होते, आणि ब, अ असे उत्तर येते. सगळ्याच किमती सारख्या असलेला मोठा ॲरे दिला तर वरचा कोड पहिली नोंद उचलून शेवटी टाकतो आणि बाकीच्या सगळ्या एकेक जागा डावीकडे सरकतात. अ, ब, क, ड चे ब, क, ड, अ होते. हातातले सॉर्ट स्थिर आहे की नाही हे तपासायला अशी चाचणी सोपी आहे : प्रत्येक नोंदीला मूळ क्रमांक द्यायचा, किमती मोजक्याच ठेवायच्या म्हणजे बरोबऱ्या भरपूर होतील, आणि सॉर्टनंतर प्रत्येक किमतीच्या गटात क्रमांक चढते आहेत का ते पाहायचे. एकाही गटात क्रम मोडला तर निकाल लागला. मोडला नाही तर मात्र पद्धत स्थिर आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

अनेकांना इथे वाटते की दोष `<=` या चिन्हात आहे. तिथे `<` लिहिले, म्हणजे अपत्य पालकाइतके असले तरी अदलाबदल केली, तर दोन सारख्या नोंदींचा क्रम खरोखरच टिकतो. तीन घेतल्या की तो मोडतो. अ, ब, क ची हीप उभारताना ब, अ, क होते, मग मुळावरचा ब शेवटी जातो, आणि अखेरीस क, अ, ब हाती येते. चिन्ह बदलल्याने बिघाड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो, एवढेच.

खरे कारण उडीत आहे. इन्सर्शन सॉर्टमध्ये नोंद फक्त शेजारच्या नोंदीला ओलांडते, आणि तीही शेजारची नोंद निखालस मोठी असेल तेव्हाच. त्यामुळे सारखी नोंद कधी ओलांडली जात नाही आणि ती पद्धत जागच्या जागी चालूनही स्थिर राहते. हीप सॉर्टमध्ये मुळापासून शेवटापर्यंतची अदलाबदल मधल्या सगळ्या नोंदींवरून उडी मारते, आणि त्या मधल्यांत आपल्याइतकीच कोणी आहे का हे विचारत नाही. खाली सरकतानाही `i` वरून `2*i+1` वर गेलेली नोंद मधल्या जागांकडे पाहत नाही. त्यात दोन सारख्या नोंदी वेगवेगळ्या फांद्यांवर असतील, तर त्यांच्यातली मूळची पहिली कोणती हे हीपमध्ये कुठेच लिहिलेले नसते. ॲरेतली जागा ही एकच खूण होती, आणि ती जागा आता पालक-अपत्याचे नाते सांगायला वापरली गेली. जी माहिती पुसली गेली ती तुलना करून परत मिळत नाही.

म्हणून उपाय एकच : ती माहिती नोंदीबरोबर वागवायची. रक्कम सारखी असेल तर पावती क्रमांक पाहायचा.

```c
int less(Rec x, Rec y) {
    if (x.amt != y.amt) return x.amt < y.amt;
    return x.no < y.no;
}
```

कोडमधल्या दोन्ही तुलना या फंक्शनने केल्या की कुठल्याच दोन नोंदी सारख्या उरत नाहीत. वरच्या उदाहरणात मग पावती ५ ही पावती २ पेक्षा मोठी ठरते, आधी मुळाशी पोचते आणि शेवटी बसते. पावत्यांना क्रमांक मुळातच होते आणि त्या त्याच क्रमाने आल्या होत्या, म्हणून जादा जागा लागली नाही. नोंदीत असा क्रमांक नसेल तर प्रत्येकीला एक नवा पूर्णांक चिकटवावा लागतो, म्हणजे n नोंदींना n पूर्णांकांची जागा. मग जागच्या जागी काम होण्याचा जो फायदा होता तो गेला, आणि तेवढी जागा देणारच असू तर मर्ज सॉर्ट घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे, कारण ती स्वभावतःच स्थिर आहे.

वेळेच्या हिशेबात हीप उभारणे स्वस्त पडते. साधारण निम्म्या नोंदींना अपत्येच नसतात, त्या हलत नाहीत. पाव नोंदी जास्तीत जास्त एक पायरी उतरतात, आठवा हिस्सा दोन पायऱ्या. ही बेरीज n च्या आतच राहते. खर्च होतो तो रिकामे करताना. दहा लाख नोंदींच्या हीपची उंची १९ असते, म्हणून प्रत्येक उताराला १९ पायऱ्या आणि पायरीमागे दोन तुलना, म्हणजे जास्तीत जास्त ३८. शिवाय शेवटून मुळाशी आणलेली नोंद बहुतेकदा लहानच असते, त्यामुळे ती जवळजवळ तळापर्यंत परत जाते. या उड्या मेमरीत लांब लांबच्या जागांवर पडतात आणि प्रोसेसरच्या कॅशला त्या मानवत नाहीत. सरासरी वेळेत क्विकसॉर्ट पुढे राहते ते बरेचसे यामुळे.

तरीही वाईटात वाईट वेळेची हमी आणि जादा मेमरी नको, या दोन अटी एकत्र आल्या की हीप सॉर्टकडेच वळावे लागते. लिनक्स कर्नेलमधले `sort()` हीप सॉर्ट वापरते. डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये मांडलेले इन्ट्रोसॉर्ट क्विकसॉर्टने सुरुवात करते आणि विभागणी फार खोल जायला लागली की त्या भागापुरते हीप सॉर्टवर उतरते. सी++ मधले `std::sort` अनेक ठिकाणी असेच बांधलेले आहे, आणि ते स्थिरतेची हमी देत नाही. ज्याला ती हवी त्याच्यासाठी `std::stable_sort` वेगळे ठेवलेले आहे.