धर्मांतरानंतर नवे नाव: राजपत्रातील दोन स्वतंत्र नोंदी आणि पुढील कागदपत्रे

नाव बदलणे आणि धर्म बदलणे या महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासकीय मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावर दोन्हींसाठी अर्जाचे प्रकार स्वतंत्र असून नावाच्या जाहिरातीत धर्माचा उल्लेख आपोआप येत नाही. धर्मांतर करून नवे नाव घेणाऱ्याला दोन्ही नोंदी हव्या असतील, तर दोन्ही अर्ज भरावे लागतात. अनेक जण केवळ नावाची जाहिरात काढतात आणि पुढे जातीच्या दाखल्याची वेळ आली की अडतात.

एक उदाहरण घेऊ. नाशिक रोड येथे राहणाऱ्या, अनुसूचित जातीतील एका हिंदू तरुणाने धम्मदीक्षा घेतली आणि ‘सचिन’ऐवजी ‘सिद्धार्थ’ हे नाव स्वीकारले. वडिलांचे नाव व आडनाव तेच ठेवले. (ज्या जिल्ह्यात येवल्याला १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिथे हे उदाहरण काही विरळा नाही.) त्याने प्रथम दीक्षा देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मग प्रतिज्ञापत्र करावे. त्यात जुने संपूर्ण नाव, नवे संपूर्ण नाव, पूर्वीचा धर्म, स्वीकारलेला धर्म, दीक्षेची तारीख आणि हा निर्णय स्वेच्छेने घेतल्याचे विधान असावे. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलेले आहे, हे तयार मुद्रांक पुढे सरकवणाऱ्याला नम्रपणे सांगायला हरकत नाही. धर्मांतराच्या पूर्वसूचनेबाबत त्या वेळी लागू असलेला नियम मात्र दीक्षेआधीच सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावा.

याच टप्प्यावर नव्या नावाचे रोमन अक्षरांतील स्पेलिंग कायमचे ठरवावे. ‘सिद्धार्थ’ लिहिताना ‘डी’ एक की दोन, शेवटी ‘एच’ आहे की नाही, एवढ्या फरकावरून बँकेत किंवा पॅनच्या पडताळणीत अर्ज परत येतो. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील सूचना आणि राजपत्राचा अर्ज या तिन्ही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर एक हवे. राजपत्रात चूक छापली गेली तर दुरुस्तीची जाहिरात वेगळी काढावी लागते आणि तोवर पुढची सगळी कामे थांबतात.

वर्तमानपत्रातील जाहीर सूचना आणि राजपत्र यांत लोक गल्लत करतात. नाशिकमध्ये वाचल्या जाणाऱ्या एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात सूचना द्यावी व कात्रण न ठेवता अंकाचे नाव व तारीख दिसणारे पूर्ण पान जपून ठेवावे. ती लोकांना दिलेली माहिती असते. आधारसाठी ती राजपत्राची जागा घेत नाही. राजपत्राच्या ऑनलाइन अर्जाला ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि धर्मबदलासाठी दीक्षा-प्रमाणपत्र जोडावे. जाहिरात भाग दोनमध्ये प्रसिद्ध होते आणि सोबत एक टीपही छापलेली असते: मजकूर अर्जदाराच्या माहितीवर आधारित असून त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही. म्हणजे राजपत्र धर्मांतर प्रमाणित करत नाही, केवळ अर्जदाराचे निवेदन प्रसिद्ध करते. दीक्षा-प्रमाणपत्र त्यामुळेच नंतरही लागते.

राजपत्र हाती आल्यावर सुरुवात आधारपासून करावी. राजपत्राची प्रत आणि जुन्या नावाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन आधार केंद्रावर जावे. आधारमधील नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येते, म्हणून पावतीवरील स्पेलिंग तिथेच वाचून घ्यावे. त्यानंतर पॅन, कारण ते आधारशी जुळावे लागते. मग बँक, मतदार यादीसाठी नमुना ८, शिधापत्रिका आणि पारपत्र. आधार आणि पॅनवर धर्माचा रकाना नाही, त्यामुळे तिथे नावाचीच जाहिरात पुरते.

शाळेच्या नोंदी मात्र वेगळ्या आहेत. माध्यमिक शाळा संहितेनुसार शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमध्ये उघड लेखनचुकीखेरीज बदल होत नाही, त्यामुळे दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सचिन’च राहील. जन्मदाखल्याचेही तसेच, कारण जन्मनोंद चुकीची नव्हतीच. अशा कागदासोबत राजपत्राची प्रत जोडत राहणे हाच मार्ग आहे.

आता जातीचा दाखला. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख (१९५६पासून) आणि बौद्ध (१९९०पासून) व्यक्तींनाच मिळतो. त्यामुळे आपल्या उदाहरणातील तरुणाचा दर्जा कायम राहतो. मात्र मूळ जात सिद्ध करण्यासाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा कौटुंबिक पुरावा त्याला द्यावा लागतो. हाच तरुण ख्रिश्चन किंवा मुसलमान झाला असता तर अनुसूचित जातीची सवलत राहिली नसती. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांकडील दाखल्याच्या अर्जाला नाव आणि धर्म अशा दोन्ही जाहिराती जोडाव्यात, कारण वडिलांच्या कागदांवरील हिंदू नोंद आणि मुलाची बौद्ध नोंद यांतला दुवा धर्मबदलाच्या जाहिरातीतूनच दिसतो.