बाटलीत सीव्ह आहेत, पण टीएचएफ कोरडं आहे का?

100 मिलिलिटर टेट्राहायड्रोफ्युरान हे सॉल्व्हंट, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत टीएचएफ, घ्या. त्यात 200 पीपीएम पाणी आहे असं धरा. एका किलोत 200 मिलिग्रॅम, म्हणजे ऐकायला अगदी नगण्य. या 100 मिलिलिटरचं वजन सुमारे 89 ग्रॅम भरतं, तेव्हा त्यातलं पाणी साधारण 18 मिलिग्रॅम होतं. पाण्याचा एक मोल 18 ग्रॅमचा असतो, म्हणून हे बरोबर एक मिलिमोल झालं. आता याच टीएचएफमध्ये दोन मिलिमोल ब्युटिल लिथियम घातलं, तर त्यातलं निम्मं पाण्याशी अभिक्रिया करून तिथल्या तिथे संपतं. उत्पादन कमी का आलं हे शोधताना आपण तापमान तपासतो, अभिकर्मक तपासतो, आणि सॉल्व्हंट मात्र ‘ड्राय’ असल्याचं गृहीत धरून पुढे जातो.

टीएचएफ कोरडं करण्याची जुनी रीत म्हणजे सोडियम आणि बेन्झोफेनोन घालून उकळत ठेवणं. द्रावणाला गडद निळा रंग आला की सॉल्व्हंट तयार झालं असं समजत आणि ऊर्ध्वपातन करून ते गोळा करत. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग विद्यापीठाच्या विल्यम्स आणि लॉटन यांनी 2010 मध्ये यातलं उरलेलं पाणी खरोखर मोजलं. सुमारे 100 पीपीएम पाणी असलेल्या टीएचएफमध्ये सोडियमच्या पद्धतीनंतरही 43 पीपीएमच्या आसपास पाणी होतं. तेच टीएचएफ पाणी शोषणाऱ्या 3ए मॉलिक्युलर सीव्हच्या मण्यांवर दोन दिवस नुसतं ठेवल्यावर पाणी सुमारे 6 पीपीएमवर आलं. टोल्यूइन या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये फरक आणखी मोठा निघाला: सोडियमने सुमारे 31, सीव्हने जेमतेम 1. सोडियमच्या भट्ट्यांनी अनेक प्रयोगशाळांत आगी लागल्या आहेत, त्यामुळे हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. इथे सुरक्षित पद्धत अधिक चांगलीही ठरली.

मॉलिक्युलर सीव्ह म्हणजे झिओलाइटचे, ॲल्युमिनियम-सिलिकेटचे, बारीक मणी. नैसर्गिक झिओलाइट आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत भरपूर सापडतात, पण प्रयोगशाळेतला ‘ए’ प्रकारचा झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो. त्याच्या स्फटिकात एकसारख्या पोकळ्या असतात आणि पोकळीत शिरायच्या खिडक्या ठरावीक मापाच्या असतात. सोडियम असलेल्या 4ए सीव्हची खिडकी सुमारे चार अँगस्ट्रॉमची असते; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. सोडियमचे काही आयन काढून तिथे आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन बसवले की खिडकी सुमारे तीन अँगस्ट्रॉमवर येते. हाच 3ए. पाण्याचा रेणू पावणेतीनच्या आसपास असल्याने तो आत जातो आणि आतले आयन त्याला घट्ट धरून ठेवतात. मिथेनॉल 4एमध्ये शिरून पाण्याची जागा अडवू शकतं, 3एमध्ये मात्र त्याला वाव मिळत नाही. म्हणून एकच प्रकार विकत घ्यायचा असेल तर 3ए घ्यावा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सीव्ह तापवण्यात. नव्या डब्याचं सील फोडलं म्हणून आतले मणी कोरडे असतीलच असं नाही. समजा एक लिटर टीएचएफमध्ये 200 पीपीएम, म्हणजे 0.18 ग्रॅम पाणी आहे. सीव्ह आपल्या वजनाच्या वीसेक टक्के पाणी धरू शकतो, त्या हिशोबाने एक ग्रॅम मणी पुरायला हवेत. तरीही आपण 200 ग्रॅम घालतो, कारण पोकळ्या जवळजवळ रिकाम्या असतील तरच शेवटचे काही पीपीएम ओढले जातात. आता याच 200 ग्रॅम मण्यांत आधीपासून फक्त दोन टक्के पाणी असेल, तर ते झालं चार ग्रॅम! सॉल्व्हंटमधल्या पाण्याच्या वीस पटींहून जास्त पाणी आपण स्वतःच्या हाताने बाटलीत टाकतो. ते सगळं बाहेर येतं असं नाही, पण मग शेवटच्या काही पीपीएमची आशा सोडावी लागते.

काचसामान वाळवायच्या 120 अंशांच्या ओव्हनमध्ये हे पाणी पुरेसं निघत नाही. मणी मफल फर्नेसमध्ये 300 अंशांवर रात्रभर, शक्यतो पूर्ण दिवस ठेवावेत. निर्वात पंप जोडता आला तर उत्तम. थंड करतानाही ते निर्वातात किंवा कोरड्या आर्गॉनखाली ठेवावेत, कारण उघड्यावर निवणारे मणी खोलीतली वाफ भराभर ओढतात. सॉल्व्हंट लागलेले वापरलेले मणी थेट भट्टीत कधीही टाकू नयेत. त्यातली वाफ पेट घेते.

मणी सॉल्व्हंटमध्ये घातले की मग थांबायचं. बाटली अधूनमधून हलक्या हाताने फिरवावी, चुंबकी स्टरर लावू नये. मणी घासून त्यांची पूड होते आणि ती पुढे अभिक्रियेत जाते. टोल्यूइनला एक दिवस पुरतो. मिथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, त्यामुळे त्याला 20 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरला 20 ग्रॅम, सीव्हवर पाच दिवस लागतात, तेव्हा कुठे ते दहा पीपीएमच्या आसपास येतं.

आता मोजणं. 1935 मध्ये कार्ल फिशर यांनी दिलेल्या पद्धतीत आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइडची अभिक्रिया पाण्याच्या रेणूगणिक पुढे सरकते. पाण्याच्या एका रेणूमागे आयोडीनचा एक रेणू खर्च होतो. कूलोमेट्रिक यंत्रात हे आयोडीन विजेने तिथेच तयार केलं जातं, म्हणून किती वीज गेली यावरून पाणी कळतं: एका मिलिग्रॅमला 10.71 कूलोम. पाच मिलिलिटर टीएचएफ, म्हणजे 4.45 ग्रॅम, सेलमध्ये सोडलं आणि यंत्राने 40 मायक्रोग्रॅम दाखवले, तर उत्तर येतं 9 पीपीएम.

या नऊवर विश्वास ठेवायचा का, हे हवेवर ठरतं. कोकणातल्या पावसाळ्यात, 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना, एक मिलिलिटर हवेत सुमारे 26 मायक्रोग्रॅम पाणी असतं. दहा पीपीएमच्या एक मिलिलिटर टीएचएफमध्ये असतं फक्त नऊ. म्हणजे सिरिंजमधला हवेचा एक बुडबुडा नमुन्याइतकंच पाणी घेऊन आत जाऊ शकतो. म्हणून सिरिंज त्याच सॉल्व्हंटने दोन-तीनदा धुऊन ते फेकायचं, बुडबुडे काढायचे, आणि इंजेक्शनच्या आधी व नंतर सिरिंजचं वजन घ्यायचं. नमुना मोठा, पाच-दहा मिलिलिटरचा घ्यावा. पाण्याचं प्रमाण माहीत असलेलं प्रमाण-द्रावण आधी मोजून पाहावं. तेच चुकत असेल तर पुढचे आकडे लिहूनच घेऊ नयेत. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस अशी मोजणी केल्यावर आकडा उतरून एका जागी स्थिरावला, तर सीव्हचं काम झालं. तो चढत असेल तर बूच तपासावं. अर्धी रिकामी लिटरची बाटली उघडून आतला आर्गॉन जाऊन त्या जागी अशी दमट हवा भरली, तर तिच्यातल्या 13 मिलिग्रॅम पाण्याने टीएचएफ जवळपास 30 पीपीएमने वर जाऊ शकतं. दोन दिवसांची मेहनत त्यात वाया जाते.

ॲसिटोनच्या बाबतीत मात्र हे सगळं फसतं. सीव्हच्या अल्कधर्मी पृष्ठभागावर ॲसिटोनचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातून पुढे नवं पाणीच तयार होऊ शकतं. मोजतानाही तीच अडचण येते. नेहमीच्या कार्ल फिशर द्रावणातलं मिथेनॉल ॲसिटोनशी अभिक्रिया करून पाणी बनवतं, त्यामुळे यंत्राचा आकडा थांबता थांबत नाही. ॲसिटोन मोजायला मिथेनॉल नसलेलं खास अभिकर्मक लागतं, आणि ते कोरडं करायला सीव्हऐवजी निर्जल कॅल्शियम सल्फेट किंवा बोरिक अनहायड्राइड वापरतात.