डब्यावरचे १२०० आणि पाइपातले २५०

धायरीला आमची वहिनी राहते. तिच्याकडे मिरच्या भाजायला घेतल्या की हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांना ठसका लागतो. स्वयंपाकघर हॉलला उघडं, मध्ये फक्त ओटा. दिवाळीत हौसेने चिमणी बसवली, डब्यावर ‘ताशी १२०० घनमीटर’ असं ठळक छापलेलं. तरी ठेच्याच्या दिवशी ठसका तसाच. वहिनीचं म्हणणं, १५०० ची घ्यायला हवी होती. मी म्हटलं, आधी पाइप बघू.

ड्राय बाल्कनीत जाऊन पाहिलं आणि कारण समोरच दिसलं. चिमणीच्या मागून सहा इंची पाइप निघत होता, पण भिंतीला आधीचं भोक चार इंची होतं. फिटिंगवाल्याने नवीन भोक पाडायचा त्रास वाचवून रिड्यूसर लावला आणि पुढे चार इंची पाइप नेला. तोही ॲल्युमिनियमचा, आकुंचन पावणारा, चुण्याचुण्यांचा. जास्तीचा पाइप कापण्याऐवजी कॅबिनेटच्या वर कोंबलेला. एकूण लांबी चार मीटर आणि तीन वळणं.

आता १२०० हा आकडा येतो कुठून ते पाहू. तो खोटा नसतो, पण बहुतेकदा तो पंख्यापुढे पाइप, वळण असा कुठलाच अडथळा नसतानाचा असतो. पाइप जोडला की हवेला ढकलायला दाब लागतो, आणि पंख्याचा जेवढा जोर दाबात खर्च होतो तेवढी हवा कमी वाहते. गंमत म्हणजे हा खर्च सरळ चढत नाही. त्याच पाइपातून दुप्पट हवा न्यायची तर दाब दुप्पट नव्हे, साधारण चौपट लागतो. सहा इंची पाइपातून खरोखर १२०० घनमीटर न्यायचे तर आतली हवा ताशी ६६ किलोमीटरने धावायला हवी. स्वयंपाकघराच्या कपाटात एवढा वारा घरगुती मोटर करत नाही.

पाइप अरुंद झाला की मामला आणखी बिघडतो. चार इंची पाइपाचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. तेवढीच हवा न्यायची तर वेग सव्वादोन पट होतो आणि नुसत्या घर्षणाचा तोटा सातपटीच्या पुढे जातो. पंखा बिचारा गरगरतो, आवाज भरपूर करतो, हवा मात्र जागच्या जागी घुसळत राहते. आवाज मोठा आणि ओढ कमी, हीच पाइप तुंबल्याची किंवा चुकल्याची खूण.

माझ्याकडे हवेचा वेग मोजायचं छोटं यंत्र आहे. बाहेरच्या तोंडाशी, पूर्ण वेगावर, चार-पाच जागी धरून सरासरी काढली: सेकंदाला साडेआठ मीटर. तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणलं तर ताशी सुमारे २५० घनमीटर. डब्यावरच्या आकड्याचा पाचवा हिस्सा.

मग कोअर कटिंगवाल्याला बोलावून साडेसहा इंची भोक पाडलं, रिड्यूसर काढला, चार इंचीच्या जागी सहा इंची पाइप ताणून सरळ नेला आणि अडीच मीटरवर कापला. वळणं दोनच उरली. पुन्हा यंत्र धरलं तर आकडा सेकंदाला आठ मीटर! वहिनी म्हणाली, “अहो भाऊजी, हे तर कमी झालं.” वेग किंचित कमी झाला खरा, पण तोंड सव्वादोन पट मोठं झालं होतं. गुणाकार केला तर ताशी सव्वापाचशे घनमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. मोटर तीच.

मग लागते तरी किती? दुकानदार खोलीच्या घनफळावरून सांगतो. वहिनीचं स्वयंपाकघर १० बाय ८ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे साधारण साडेएकवीस घनमीटर. तासाला पंधरा वेळा हवा बदलायची तर सव्वातीनशे, आणि रोजची फोडणी, तळण, ठेचा धरून वीस वेळा म्हटलं तर ४३०. दुसरी रीत मला जास्त पटते. भिंतीला लागून असलेल्या चिमणीला रुंदीच्या प्रत्येक फुटामागे ताशी सुमारे १७० घनमीटर हवा हवी, असं अमेरिकेतली होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूट सांगते. दोन फुटी चिमणीला ३४०, तीन फुटीला ५१०. वहिनीची तीन फुटी आहे. ही रीत खोली नव्हे, कढईवरून उठणारा धुराचा लोट मोजते. म्हणूनच उघड्या स्वयंपाकघराला हॉलचंही घनफळ जोडून २००० ची चिमणी गळ्यात मारली जाते, ते मला मान्य नाही. लोट चिमणीच्या खालीच पकडला तर हॉलचा प्रश्न येत नाही, आणि तिथून निसटला तर हॉलभर पसरलेला धूर परत ओढून आणणं कुठल्याच मोटरला जमत नाही. उघड्या ओट्याला थोडी जास्त ओढ लागते हे खरं, कारण हॉलच्या पंख्याचा वारा लोटाला आडवा ढकलतो. माझा ठोकताळा असा: पाइप सहा इंची, आखूड आणि दोनच वळणांचा असेल तर गरजेच्या दुप्पट-अडीचपट छापील आकडा पुरतो. वहिनीच्या घराला १२०० नेमका.

एक जपायचं. पाचशे घनमीटर हवा बाहेर गेली तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. सगळं बंद असेल तर चिमणीचा दम घुटतो, आणि गॅस गीझर घरात असेल तर त्याची जळकी हवा उलटी आत ओढली जाण्याचा धोका असतो. म्हणून हॉलची खिडकी किलकिली ठेवावी. शेगडीजवळचं ड्राय बाल्कनीचं दार नको, तिथला वारा लोट उडवतो.

आता डक्टलेस, म्हणजे पाइपच नसलेली. भाड्याच्या घरात किंवा सोसायटी भोक पाडू देत नसेल तर हीच घ्यावी लागते. ती तेल जाळीत अडवते, वास सक्रिय कोळशात धरते आणि हवा परत खोलीत सोडते. पण उष्णता आणि वाफ कोळशाला धरता येत नाहीत, कार्बन मोनॉक्साइडही नाही. वाफेचा हिशोब मोठा असतो: १४.२ किलोचं सिलिंडर पूर्ण जळलं की नुसत्या ज्वलनातून सुमारे २२ लिटर पाणी तयार होतं, भाताच्या कुकरची वाफ वेगळीच. आषाढात भिंती ओलसर वाटतात त्यात याचाही वाटा असतो, आणि दमट हवेत कोळशाची वास धरायची ताकदही घटते. रोजचं तळण असेल तर कोळसा तीन-चार महिन्यांत भरतो. तो धुऊन परत लावता येत नाही, बदलावाच लागतो. अशा घरात डक्टलेसवर पैसे घालण्याआधी मी खिडकीत साधा एक्झॉस्ट पंखा बसवीन. तो निदान हवा बाहेर तरी टाकतो.

वहिनीकडे शेवटी उदबत्तीने तपासलं. शेगडी बंद, चिमणी मधल्या वेगावर. मागच्या बर्नरवर उदबत्ती धरली तर धूर ताठ वर गेला. पुढच्या बर्नरवर धरली तर थोडा वर जाऊन हॉलकडे झुकला, आणि हॉलचा पंखा बंद करताच सरळ झाला. आता मिरच्या मागच्या बर्नरवर भाजतात आणि तेवढा वेळ पाहुणे पंख्याविना बसतात.