हृदय उजवीकडे? फिल्म उलटी नाही

“एक्स-रेत माझं हृदय उजवीकडे दिसतंय, फिल्म उलटी छापली की काय?” म्हापशातल्या शेजारच्या काकांनी विचारलं.

छे! डॉक्टर रुग्णासमोर बसतात, फिल्मही तशीच बघतात. समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडेच येतो. काकांच्या फिल्मवर डाव्या कोपऱ्यात उजव्या बाजूची खूण असलेला R होता, म्हणजे सगळं जागच्या जागी.

खरी चूक वेगळीच असते. छातीचा एक्स-रे बहुधा पाठीमागून काढतात, खाटेवरच्या रुग्णाचा समोरून. कॉम्प्युटरवर आधीचीच सेटिंग राहिली, की चित्र आरशातल्यासारखं उलटू शकतं. काढतानाच शिशाचा R ठेवला असेल तर तोही उलटा उमटतो आणि चोरी लगेच पकडली जाते. नंतर माऊसने चिकटवलेला R मात्र सुलटाच दिसतो, भलत्या बाजूला! अशा वेळी हृदयाचं टोक R कडे झुकलेलं दिसतं. जन्मतः उजवीकडे हृदय असणारेही असतात, पण विरळा. म्हणून आधी लेबल तपासायचं.